नोकरी गेलेल्या दोस्ताला काय लिहावं? कीव नको, खोटा धीरही नको

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. माझा शाळेपासूनचा मित्र वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता, परमनंट. ११ वर्षं ७ महिने झाली होती. त्याची लाईन बंद केली आणि त्याच्यासकट काही जणांना कमी केलं. काल संध्याकाळी त्याचा एवढाच मेसेज आला: "कंपनीनं काढलं. घरी नंतर सांगतो." तो रांजणगावात राहतो, मी परभणीत.

मी उत्तर लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही:

"अरे देवा! ऐकून फार वाईट वाटलं रे. अजिबात काळजी करू नको, सगळं ठीक होईल. जे होतं ते चांगल्यासाठीच. तू हुशार आहेस, महिन्याभरात दुसरी नोकरी मिळेल. काहीही लागलं तर हक्कानं सांग."

हे कुणालाही पाठवता येईल असं वाटायलंय. आमचं बोलणं असलं नसतं. कीव करायची नाही आणि उगाच हवेतला धीर पण द्यायचा नाही. काय लिहू? आजच पाठवायचंय.

हुरडा_आणि_गूळ
दादा, त्यांचा सीव्ही पाठवा ना. डिप्लोमा आहे का आयटीआय? शेंद्र्याला चौकशी करता येईल. पगार किती पाहिजे आणि रात्रपाळी चालते का तेवढं विचारून सांगा.

गोदाकाठ
भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे. पण नोकरीचं अजून आमचं काहीच बोलणं झालं नाही. आज फक्त मेसेज काय टाकू ते विचारतोय.

मांजरा_खोरं
हुरडाभाऊंनी जे विचारलं तेच बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी त्या माणसाला विचारतात, म्हणून त्यावर आधी बोलतो. काल ज्याला काढलं त्याला आज पगाराची अपेक्षा विचारली, तर अजून झालेलं पचलेलं नसताना त्याला स्वतःची किंमत सांगावी लागते. मग तो घाईत कमी आकडा सांगतो आणि पुढं त्याच आकड्यात अडकतो. हा प्रश्न दहा-बारा दिवसांनी विचारला तर खरोखर कामाचा आहे. तेव्हा हुरडाभाऊंना जरूर कळवा.

आता तुमचा मसुदा. आधी त्याचा मेसेज नीट वाचा. "घरी नंतर सांगतो" याचे दोन अर्थ निघतात. घरी पोचल्यावर तुम्हाला सविस्तर सांगतो, हा एक. दुसरा म्हणजे त्यानं घरी अजून सांगितलेलंच नाही. कुठला खरा ते कळत नाही तोवर दुसरा धरून चाला. वहिनींना फोन नाही, शाळेच्या ग्रुपवर शब्द नाही, गावाकडं त्याच्या वडिलांपाशी तर नाहीच. आपल्याकडं अशी बातमी संध्याकाळच्या एसटीनं गावात पोचते आणि वडिलांना मुलाच्या तोंडून कळायच्या आधी पारावर कळते. तुमच्या मेसेजचं पहिलं वाक्य यावरच हवं: कुणाला बोललो नाही, तू सांगेपर्यंत बोलणार नाही.

"अरे देवा, फार वाईट वाटलं" हे तुमच्या मनाचं झालं. ते वाचून त्यालाच "नाही रे, ठीक आहे मी" असं लिहावं लागतं, म्हणजे धीर तुम्ही देण्याऐवजी तोच तुम्हाला देतो. "सगळं ठीक होईल" याला "हो" सोडून उत्तर नाही आणि ज्याला हप्त्याची तारीख दिसायलीय त्याच्याकडून तो "हो" खोटा निघतो. खरी अडचण "महिन्याभरात" ची आहे. तुम्ही मायेनं लिहिता, पण ती त्याच्यावर मुदत बसते. महिना उलटला आणि काम नसलं की तो तुमचा फोन उचलायचं टाळतो, कारण तुमचा अंदाज त्याच्यामुळं चुकला असं त्याला वाटतं. मेसेज चुकला हे तिथं कळतं, पहिल्या दिवशी कळत नाही.

आणि "काहीही लागलं तर सांग". यात आपण दिलं काहीच नाही, मागायचं काम मात्र त्याच्या गळ्यात टाकलं. आपल्याकडचा माणूस मागत नसतो. एक ठरावीक गोष्ट, वार आणि वेळ लावून, तुम्हीच पुढं करा. ती अशी पाहिजे की "नको" एवढं म्हणून त्याला मोडता यावी.

दुसरी_पाळी
वरच्या सगळ्याला हो. मी फक्त "तू हुशार आहेस" यावर लिहितो. हे सुटं कौतुक आहे, ते अंगाला लागत नाही. लाईन बंद होऊन माणूस कमी होतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच फिरतं: शेजारच्या लाईनचा इन्स्पेक्टर राहिला, मग माझ्यातच काहीतरी कमी असणार. तिथं "हुशार" शब्द पोचत नाही. त्याच्या कामातली खरी घडलेली एक गोष्ट पोचते.

इन्स्पेक्टरचं काम दिवसभर व्हर्निअर आणि गेज लावून मापं घ्यायचं असं बाहेरून दिसतं. अवघड भाग वेगळाच असतो. माप बाहेर गेलं की लॉटला लाल टॅग लावून तो होल्डवर टाकायचा, तेही ट्रक गेटवर उभा आणि प्रॉडक्शनवाले "दोन-चार पॉइंटनं काय होतंय, जाऊ दे" म्हणत असताना. तिथं जो ऐकत नाही तो चांगला इन्स्पेक्टर. तुमच्या मित्रानं असं काही केलेलं तुम्हाला माहीत असेल तर तेच लिहा, त्याच्या कामाच्या शब्दांत. नसेल माहीत तर कौतुक लिहूच नका. बनवलेलं त्याला पहिल्या ओळीत कळेल.

गोदाकाठ
माहीत आहे. रात्रपाळीत ६०० नगांचा लॉट त्यानं अडवला होता. बोअरचं माप वर गेलं होतं. सुपरवायझर सही कर म्हणत होता, यानं केली नाही. सकाळी परत मोजलं तर याचंच बरोबर निघालं.

दुसरी_पाळी
मग झालं की. एवढंच, दोन वाक्यांत. शेवटी "म्हणून तुला कुठंही नोकरी मिळेल" असं जोडू नका. गोष्ट खरी आहे, तिच्या शेपटाला भविष्य बांधलं की ती पण खोटी वाटायला लागते.

रब्बी_ज्वारी
मला हे सगळं मेसेजचं पटत नाही. सरळ फोन लावावा, माणसाचा आवाज ऐकला की अर्धं दुःख कमी होतं. आणि शुभेच्छांनी पोट भरत नाही, पैशाचं सांगा त्याला. ११ वर्षं म्हणजे ग्रॅच्युइटी आहे. सोपा हिशोब: दर वर्षाला अर्धा पगार. समजा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० असेल तर अर्धे ९,१००, गुणिले ११ म्हणजे १,००,१००. हा आकडाच मेसेजमध्ये टाका, बघा कसा धीर येतो.

मांजरा_खोरं
रब्बीभाऊ, ग्रॅच्युइटीची आठवण करून दिलीत ते फार बरं केलं. पाच वर्षांच्या वर सलग नोकरी झालीय, म्हणजे हक्क आहेच. पण हिशोब दोन ठिकाणी कमी पडला आणि दोन्हीकडं नुकसान मित्राचंच होतं.

पंधरा दिवसांचा पगार काढताना महिना ३० चा धरत नाहीत, २६ चा धरतात. १८,२०० ला २६ नं भागलं की एका दिवसाचे ७०० येतात, पंधरा दिवसांचे १०,५००. दुसरं म्हणजे वर्षं. शेवटचं अर्धवट वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं की ते पूर्ण धरतात. त्याचे ११ वर्षं ७ महिने झालेत, म्हणजे १२ धरायची. १०,५०० गुणिले १२, एकूण १,२६,०००. तुमच्या आकड्यापेक्षा जवळजवळ २६ हजारांनी जास्त. १८,२०० हा आपण धरलेला आकडा आहे, खरा त्याच्या शेवटच्या पगारपत्रकावरून घ्यावा लागेल. त्यात मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता मोजतात, हातात पडणारा पूर्ण पगार नाही.

आता हे पहिल्या मेसेजमध्ये का नको. तुम्ही "१,००,१०० मिळतील" असं लिहिलं आणि कंपनीच्या कागदावर वेगळा आकडा निघाला, तर एक तर तो कंपनीशी चुकीच्या आकड्यावर भांडतो, नाही तर तुमच्यावरचा त्याचा भरवसा जातो. आकडा कागद समोर ठेवूनच बोलावा. मेसेजमध्ये एवढंच टाका की हिशोबाचे कागद सोबत बसून बघू. तुमची ठरावीक मदत तीच होईल, वेगळी शोधायची गरज नाही.

फोनबद्दल: त्यानं लिहून कळवलंय. घरी सांगितलेलं नसेल तर फोनवर तो बोलणार कुठं? बायको-पोरं त्याच खोलीत असतात. आधी लिहा, फोनची वेळ त्याच्यावर सोडा.

रब्बी_ज्वारी
२६ चं मला माहीत नव्हतं, आणि सात महिन्यांचं तर लक्षातच आलं नाही. मान्य. फोनचं मात्र अजून पटलं नाही. जवळचा माणूस असेल तर लिहिणं कोरडं वाटतं. बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बोलतो की माणूस.

सिडको_एन_सात
आवाजच पाहिजे असला तर आवाजी मेसेज टाकता येतो, पण तो अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवा. लांब आवाजी मेसेज माणूस "नंतर ऐकू" म्हणून ठेवून देतो. शिवाय घरात चारचौघांत चुकून वाजला तर जे लपवायचं होतं तेच बाहेर येतं. लिहिलेलं मात्र रात्री एकटं पडल्यावर परत वाचता येतं.

मला वेगळं सांगायचंय. मेसेजमध्ये सहीबद्दल एक ओळ टाकाच. अशा वेळी बरेचदा राजीनाम्याचा तयार कागद पुढं करतात: "यावर सही केली की हिशोब लवकर होईल, रेकॉर्ड पण चांगलं राहील". सही केली की कागदोपत्री कंपनीनं काढलं असं राहत नाही, तुम्ही आपणहून सोडलं असं होतं. ग्रॅच्युइटी तरी मिळते, पण कामावरून कमी केल्याची जी भरपाई आणि नोटिशीचा पगार कामगाराला मागता येतो, त्याचा पाया जातो. मेसेज एक दिवस उशिरा गेला तर सही होऊन बसलेली असू शकते.

मांजरा_खोरं
मुद्दा खरा आहे. तरी पहिल्या मेसेजमध्ये त्यानं भीती वाढेल असं मला वाटतं. आधीच पायाखालची जमीन सरकलेली, त्यात आपण "सांभाळ, फसवतील" म्हणायचं.

सिडको_एन_सात
"फसवतील" लिहूच नका. "कशावर सही करायची असली तर आधी मला फोटो पाठव" एवढंच. कुणावर आरोप नाही आणि त्याला गेटवर म्हणायला निमित्त मिळतं: "घरी दाखवून उद्या देतो". निमित्त नसलं की माणूस भिडेखातर सही करून मोकळा होतो.

गोदाकाठ
दोघांचं वाचून परत लिहिलं. बघा:

"मेसेज वाचला. कुणाला बोललो नाही, तू सांगेपर्यंत बोलणार पण नाही. रात्रपाळीत ६०० नगांना लाल टॅग लावलास आणि सही केली नाहीस, ते माझ्या लक्षात आहे. लाईन बंद झाली म्हणून ते काम खोटं होत नाही. मला खात्री आहे तू यातून आणखी मजबूत होऊन बाहेर पडशील. रविवारी सकाळच्या रेल्वेनं येतो, १२ पर्यंत रांजणगावात. हिशोबाचे कागद आणि पगारपत्रकं सोबत बघू. तवर कशावर सही करायची असली तर आधी फोटो पाठव. रविवार जमत नसेल तर नुसतं 'नको' टाक, मला राग नाही. बाकी उत्तर नाही दिलंस तरी चालतंय."

मांजरा_खोरं
छान झालाय. "आणखी मजबूत होऊन" हे वाक्य काढा. बाकी सगळा मेसेज तुमच्या तोंडचा आहे, तेवढंच भिंतीवरच्या पोस्टरवरचं आलंय. ते काढलं की लाल टॅगनंतर थेट रविवार येतो आणि तेच बरं वाचतं.

"नुसतं 'नको' टाक" हे उत्तम. पण त्यानं 'नको' टाकलं तर रविवार सोडून द्यायचा, "असं कसं नको" म्हणून उभं राहायचं नाही. पुढच्या आठवड्यात परत एकदा विचारा.

दुसरी_पाळी
आणि "काय बे" नं सुरू करा ना. इतकी वर्षं तसंच बोलत असाल आणि आज एकदम गंभीर भाषा आली, तर त्याला वाटेल आपण आता बिचारे झालो. बोलायची सवय मोडायची नाही. कीव शब्दांपेक्षा या बदलातच जास्त दिसते.

गोदाकाठ
"काय बे, मेसेज वाचला" असं सुरू करून, ते वाक्य काढून आत्ताच पाठवला.

लातूर_औसा_रोड
धाग्यात घुसते, माफ करा. माझी मैत्रीण लातुरात एका खाजगी क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायची. नवी बॅच भरली नाही म्हणून तिला आणि आणखी एकीला थांबायला सांगितलं. नेमणुकीचं पत्र असं काही नव्हतंच, महिन्याला पैसे मिळायचे. तिला सगळे म्हणायलेत "बरं झालं, आता घराकडं लक्ष देता येईल". ती हसून सोडून देते. तिला काय लिहू?

मांजरा_खोरं
ताई, पुरुषाची नोकरी गेली की लोक कीव करतात, बाईची गेली की ती गेली हेच मानत नाहीत. तुमच्या मेसेजनं आधी तेवढं मानायला पाहिजे. सरळ लिहा: "तुझी नोकरी गेली, हे छोटं नाही." त्याला "पण" जोडू नका.

पुढं तिच्या कामातली एक गोष्ट, वर दुसरी_पाळी यांनी सांगितलं तशी. ती काय चांगलं शिकवायची ते तुम्हाला माहीत असेल. एखादं अवघड प्रकरण, किंवा पोरं परत परत येऊन तिलाच विचारायची तो विषय.

मदत मात्र वेगळी लागेल. तिच्याकडं पत्र नाही, म्हणजे पुढच्या ठिकाणी अनुभव कशावरून दाखवणार? बँकेत पैसे जमा झाल्याच्या नोंदी, तिचं नाव असलेलं वेळापत्रक, क्लासच्या ग्रुपवरचे तिच्या नावाचे निरोप, हे आत्ताच जपायला हवं. ग्रुपमधून एकदा काढलं की शोधणं अवघड होतं. तेव्हा "शनिवारी चार वाजता येते, तुझ्या शिकवण्याचे कागद आणि स्क्रीनशॉट मिळून एका जागी लावू" असं लिहा. क्लासशी तिचं अजून बरं असेल तर याच आठवड्यात लेटरहेडवर अनुभवाचं पत्र मागू द्या. नवीन बॅचची धावपळ सुरू झाल्यावर देतो-देतो करतात.

लातूर_औसा_रोड
पैसे रोख मिळायचे. बँकेत काहीच नाही.

सिडको_एन_सात
मग वेळापत्रक आणि ग्रुपवरचे निरोप एवढेच पुरावे राहतात, तारखेसकट दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. पत्राची मागणी पण तोंडी नको, ग्रुपवर किंवा मेसेजवर लेखी करू द्या. पत्र नाही दिलं तरी "देतो, थांबा" एवढं उत्तर आलं, तर ती तिथं शिकवत होती हे त्यातून दिसतं.

रब्बी_ज्वारी
एक विचारतो. पहिला मेसेज झाला, पण पुढं काय? लोक पहिल्या आठवड्यात तुटून पडतात आणि मग कुणी फिरकत नाही.

दुसरी_पाळी
पुढचा मेसेज पगाराच्या तारखेला. कारखान्यात पगार साधारण ७ ते १० तारखेच्या आत होतो. नोकरी गेल्यानंतर ती तारीख पहिल्यांदा कोरडी येते तेव्हा माणसाला खरं कळतं, आणि त्या दिवशी कुणाला त्याची आठवण नसते. त्या दिवशी नोकरीचा विषयच काढायचा नाही. "संध्याकाळी मोकळा आहेस का, बोलू" एवढं पुरतं. "काय, झालं का काही?" हा प्रश्न त्या दिवशी तर नकोच. काही झालं असतं तर त्यानंच आधी सांगितलं असतं.

हिशोबाचे पैसे आले का हे विचारायचं असलं तर सहा-सात दिवस सोडून विचारा. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. तेव्हा महिना झाल्यावर "खात्यावर किती पडले, १२ वर्षं धरली का ११, बघ" हे विचारणं म्हणजे काळजीच आहे आणि त्याला ते टोचत पण नाही, कारण उत्तर कंपनीनं द्यायचंय.

रब्बी_ज्वारी
आणि उसने पैसे? आपण होऊन विचारावं का?

सिडको_एन_सात
विचारावं, पण आकडा आणि परतीची बोली तुम्हीच सांगा. "पैसे लागतात का" म्हणलं की नाहीच येणार. "माझ्याकडं २० हजार दिवाळीपर्यंत मोकळे आहेत, पोरांच्या फीला लागत असतील तर टाकतो" असं म्हणलं तर हो किंवा नाही म्हणता येतं. जेवढे बुडाले तरी दोस्ती मोडणार नाही तेवढेच बोला.

मांजरा_खोरं
मी तर म्हणतो पहिल्या महिन्यात पैशाचा विषय आपण काढूच नये. एकदा घेतले की तो तुमच्यासमोर मोकळा बसत नाही आणि त्या दिवसांत मोकळं बसायला त्याला माणूसच पाहिजे असतो. हिशोबाची रक्कम हातात आल्यावर किती कमी पडतंय ते दिसेल, तेव्हा बघा.

सिडको_एन_सात
शाळेची फी हिशोबाची वाट बघत नाही हो. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय.

गोदाकाठ
अपडेट: त्याचं उत्तर आलं. "ये रविवारी. कागद दिलाय एक, सही नाही केली अजून." सोबत फोटो आहे. वर "स्वेच्छेने राजीनामा" लिहिलंय आणि खाली हिशोबात सेवा ११ वर्षं धरलीय. रविवारी जाताना शेवटची तीन पगारपत्रकं काढून ठेव म्हणून सांगू का आणखी काही?

सिडको_एन_सात
पगारपत्रकं, नेमणुकीचं पत्र आणि परमनंट केल्याचं पत्र. पीएफच्या पासबुकात नोकरी लागल्याची तारीख कोणती दाखवते ते पण बघा. परमनंट व्हायच्या आधी तो त्याच कंपनीच्या रोलवर ट्रेनी असेल तर सेवा कुठून मोजली यावर एखादं वर्ष इकडं-तिकडं होऊ शकतं. आणि कंपनीला आज तोंडी काही न बोलता, "कागद वाचायला सोमवारपर्यंत वेळ द्या" असा एका ओळीचा ईमेल त्यालाच टाकायला सांगा.